उन्हात न पिकलेले केस

"माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत," हे वाक्य आमच्या घरात वडील म्हणायचे आणि त्यानंतर वाद संपायचा. ते म्हणण्याच्या वयाला मी पोहोचलो, तेव्हा माझे केस कलपामुळे काळेभोर होते. त्यामुळे अनुभव असूनही पुरावा नव्हता.

कलपाने मला अकरा वर्षे कामाला लावले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि त्याचा रंग मुळाशी असलेल्या पेशी ठरवतात. त्या पेशी थकल्या की नवा केस पांढराच उगवतो. कलप मात्र बाहेर आलेल्या केसालाच लागतो, म्हणून पंधराव्या दिवशी भांगात अर्ध्या सेंटीमीटरची पांढरी रेघ उमटते आणि नेमकी तीच समोरच्याला दिसते. केस पिकले आहेत याचे लोकांना काही वाटत नाही; ते लपवले जात आहेत, हे कळले की माणूस हलका ठरतो.

शेवटी कानामागे खाज सुटू लागली. डबीवरच्या सूचनेप्रमाणे अठ्ठेचाळीस तास आधी थोडासा कलप लावून पाहण्याची तसदी मी पहिल्या वेळेनंतर कधीच घेतली नव्हती, आणि वर्षानुवर्षे सोसलेले रसायन पुढे अचानक सोसेनासे होऊ शकते, हे मला ठाऊक नव्हते. मी कलप सोडला. सहा सेंटीमीटरचे केस पूर्ण बदलायला सहा महिने लागले असते. सलूनवाल्या दादांनी बारीक कापून ते दोनावर आणले. त्या दोन महिन्यांत, अर्धवट काळ्या-पांढऱ्या डोक्याकडे पाहून, तिघांनी प्रकृतीची चौकशी केली आणि एकाने घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारले. पुढे डोके एकसारखे पांढरे झाल्यावर बँकेतल्या खिडकीपलीकडून "काका, बसा" असे ऐकू आले. मी तोच होतो, खातेही तेच होते. पण पूर्वी माझी सही दोनदा तपासली जायची.

धाकट्या भावाचे गणित निराळे आहे. त्याला अठ्ठाविसाव्या वर्षीच टक्कल पडू लागले. पुरुषी संप्रेरकाच्या परिणामाने कपाळाच्या कोपऱ्यांतली आणि टाळूवरची केसांची मुळे आनुवंशिकतेनुसार हळूहळू बारीक होत गेली. मागची मुळे त्या संप्रेरकाला दाद देत नाहीत, म्हणून तेवढी झालर टिकली. कॉलेजात असताना खांद्यापर्यंत झिपऱ्या वाढवल्याबद्दल 'वाया गेलेला' ठरलेला हाच मुलगा, केस गेल्यावर कोणतेही कर्तृत्व न दाखवता नातेवाइकांत 'विचारी' आणि 'पैसेवाला' ठरला. त्यातले दुसरे विशेषण तर सपशेल खोटे आहे.

मागच्या लग्नात नवरा-नवरी नमस्काराला आली, तेव्हा आम्ही दोघे शेजारी उभे होतो. माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि त्याच्या टकलाकडे पाहून ती क्षणभर घुटमळली आणि आधी त्याच्यापुढे वाकली. त्याने चूक न सुधारता, डोळे मिटून, दोघांना आशीर्वाद दिला.