दोन उशा आणि आठ मिनिटे

गेल्या दिवाळीनंतर माझे वजन १०४ किलो होते. परळमधील आमच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले उतरताना दोन्ही गुडघे दुखत आणि संध्याकाळपर्यंत घोटे इतके सुजत की मोज्यांच्या काठाचे वळ रात्रीपर्यंत जात नसत. अशा अवस्थेत मी एके सकाळी शिवाजी पार्कला गेले आणि पहिल्याच दिवशी कट्ट्याभोवती चार फेऱ्या मारल्या, म्हणजे साडेचार किलोमीटरांहून अधिक चालले. दुसऱ्या दिवशीही तेच केले. तिसऱ्या दिवशी मात्र पलंगावरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी गेले, त्यांनी मला चालणे बंद करायला सांगितले नाही. चालण्याचे माप बदलायला सांगितले. सपाट रस्त्यावर चालतानाही प्रत्येक पावलाला गुडघ्यातून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जातो आणि जिना उतरताना तो आणखी वाढतो, हे त्यांनी मला प्रथम समजावले. भार वाईट नसतो, पण ज्या मांड्यांनी आणि पोटऱ्यांनी तो पेलायचा, त्यांनाच वर्षानुवर्षे काम नसल्यामुळे सांध्यांवर ताण येतो, असे त्यांचे म्हणणे होते. छातीइतक्या पाण्यात चालल्यास शरीराचे बरेच वजन पाणी उचलते, म्हणून त्यांनी तरणतलावही सुचवला होता. नोकरीच्या वेळांमुळे मला ते जमले नाही.

त्यामुळे सुरुवात अशी ठरली: सकाळी आठ मिनिटे आणि संध्याकाळी आठ मिनिटे, सपाट जागी, घड्याळ लावून चालायचे. अंतर मोजायचे नाही. एक दिवसाआड खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम करायचा, आणि तोही खुर्चीवर दोन घट्ट उशा ठेवून. बैठक उंच झाली की गुडघा कमी वाकतो आणि उठायला कमी जोर लागतो, हे त्यामागचे कारण. पाय खांद्यांइतके दूर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, हात छातीवर; सहा वेळा उठायचे, दोन मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सहा वेळा. बसताना धपकन बसायचे नाही, मनात तीन अंक मोजत खाली यायचे. खरे काम त्या तीन अंकांत होते, कारण जिना उतरताना मांडीच्या स्नायूंना हेच करावे लागते. घोट्यांसाठी स्वयंपाकघरातील ओटा धरून दोन्ही टाचा एकत्र उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या, दहा वेळा.

किती दुखले तर चालेल, हा माझा मुख्य प्रश्न होता. दुखणे दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पूर्वीच्या पातळीवर आले असेल, तर माप योग्य आहे. सकाळी पहिली काही पावले आदल्या दिवसापेक्षा अधिक ताठर वाटली किंवा गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे सुजेने भरले, तर माप जास्त झाले असे समजायचे. मी हे रोज चहा उकळेपर्यंत वहीत दोन ओळींत लिहीत असे.

चौथ्या आठवड्यात माझी चूक झाली. चालणे बारा मिनिटांवर आले होते आणि काहीही दुखत नव्हते, म्हणून एकाच आठवड्यात मी ते वीस मिनिटांवर नेले आणि खुर्चीवरची एक उशीही काढली. दोन दिवसांत डाव्या गुडघ्याचा खळगा भरला आणि दोष चालण्याचा की उशीचा, हे मला ठरवता येईना. दोन्ही गोष्टी मागे नेल्या, सूज ओसरायला पाच दिवस लागले. त्यानंतर एका आठवड्यात एकच बदल हा नियम पाळला: एका आठवड्यात दोन मिनिटे वाढवायची, तर पुढच्या आठवड्यात उशी काढायची किंवा उठबशी दोनने वाढवायची. दुसऱ्या वेळी उशी काढली तेव्हा गुडघ्याने कुरकुर केली नाही.

गुडघा अडकणे, लाल व गरम होणे, त्यावर भार न टाकता येणे किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखणे, यांपैकी काही झाल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, हेही बाईंनी बजावले होते. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

दहाव्या आठवड्याअखेर मी उशीविना साध्या खुर्चीवरून दहा-दहा वेळा दोनदा उठू लागले आणि सलग अठरा मिनिटे चालू लागले. वजन जेमतेम अडीच किलो उतरले होते, पण मोज्यांचे वळ पुसट झाले होते. जिना उतरताना अजूनही कठडा धरते आणि अधिक दुखणारा डावा पाय आधी खाली टाकते. चढताना उजवा आधी. दुसऱ्या मजल्यापर्यंत आता थांबावे लागत नाही, शेवटच्या मजल्यावर लागते.