मलनमुन्यातील गोल कण : सलाइन, आयोडीन आणि यीस्टची ओळख

मागील टप्प्यात आयपीसमधील मोजपट्टीचे मापांकन केले होते. माझ्या सूक्ष्मदर्शकात ४० एक्स ऑब्जेक्टिव्हखाली तिचा एक भाग २.५ मायक्रॉन भरतो. या वेळी ती मोजपट्टी मलनमुन्यातील लहान गोल कणांवर वापरून पाहिली, कारण नवख्या निरीक्षकाला अमीबाच्या सिस्टचा, म्हणजे त्याच्या कवचबंद सुप्त रूपाचा, भास सर्वाधिक याच कणांमुळे होतो.

नमुना माझाच होता. तो रुंद तोंडाच्या, कोरड्या आणि झाकणबंद डबीत घेतला. त्यात मूत्र किंवा पाणी मिसळू न देणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्हींमुळे अमीबाचे हालचाल करणारे रूप नष्ट होते. मल पातळ असेल तर ही हालचाल पाहण्यासाठी स्लाइड अर्ध्या तासाच्या आत लागते. बांधलेल्या मलात मुख्यतः सिस्ट आणि कृमींची अंडी शोधायची असल्याने थोडा उशीर चालतो. यीस्टच्या बाबतीत मात्र तो उशीर चालत नाही, आणि हेच मला तपासून पाहायचे होते.

म्हणून नमुन्याचे लगेच दोन भाग केले. एक भाग तिप्पट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मलीनमध्ये नीट कालवला. हे द्रावण बाजारातील फॉर्मलीनचा एक भाग आणि सलाइनचे नऊ भाग मिसळून होते. फॉर्मलीनची वाफ डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबते, त्यामुळे हे काम हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेतच करावे. दुसरा भाग डबीत तसाच, खोलीच्या तापमानाला ठेवला.

स्लाइड करताना डाव्या बाजूला सलाइनचा आणि उजव्या बाजूला आयोडीनचा एकेक थेंब ठेवला. सलाइन म्हणजे एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ८.५ ग्रॅम मीठ. आयोडीनसाठी लुगोलचे द्रावण पाण्याने पाचपट पातळ करून घेतले. ते फिक्या चहाच्या रंगाचे असावे. फार तीव्र झाले तर मलाचे कण गोळा होऊन सगळे झाकले जाते. काडीच्या टोकावर मावेल इतका मल प्रत्येक थेंबात कालवून कव्हरस्लिप ठेवली. खाली धरलेला छापील कागद थरातून वाचता यावा, इतपतच थर जाड असावा. मग कंडेन्सर खाली करून, प्रकाश कमी ठेवून, १० एक्सने सगळे क्षेत्र क्रमाने पाहिले आणि संशयास्पद जागी ४० एक्स लावले.

सकाळच्या स्लाइडवर सलाइनमध्ये मोजकेच चकचकीत, अंडाकृती कण दिसले. बहुतेकांची लांबी दोन ते तीन भाग, म्हणजे ५ ते ७.५ मायक्रॉन होती. आमांश घडवणाऱ्या एंटअमीबा हिस्टॉलिटिका या अमीबाची सिस्ट बहुधा १२ ते १५ मायक्रॉनची असते, त्यामुळे ती शक्यता मापावरूनच मागे पडली. एंडोलायमॅक्स नाना या निरुपद्रवी अमीबाची सिस्ट मात्र ६ ते ८ मायक्रॉनची असते, म्हणून केवळ माप पुरेसे नव्हते. आयोडीनमध्ये हे कण पिवळसर तपकिरी झाले, परंतु फोकस सावकाश वरखाली करूनही आत केंद्रके दिसली नाहीत. नानाच्या पक्व सिस्टमध्ये चार केंद्रकांचे ठळक ठिपके दिसायला हवेत.

संध्याकाळी दोन्ही भाग पुन्हा पाहिले. तसाच ठेवलेल्या भागात हे कण प्रत्येक क्षेत्रात दाटले होते आणि अनेकांच्या टोकाला लहान अंकुर फुटलेला होता. फॉर्मलीनमधील भागात ते सकाळइतकेच विरळ होते. सिस्टची संख्या डबीत वाढत नाही, यीस्टची वाढते. अंकुर आणि ही वाढ मिळून ओळख पक्की झाली. त्यामुळे शिळ्या नमुन्यात यीस्ट भरपूर दिसले, तर ते आतड्यातही तितकेच होते असा अर्थ काढता येत नाही.

त्याच स्लाइडवर काही कोनदार कण आयोडीनने निळे-काळे झाले. ते पिष्टकण होते. अमीबाची सिस्ट असा रंग कधीच घेत नाही. हवेच्या बुडबुड्याची कडा जाड व काळी, आणि आतला भाग अगदी रिकामा असतो. वनस्पतीचे केस अळीसारखे भासतात, परंतु त्यांची भिंत जाड असते, मधून एक सरळ पोकळी जाते आणि अन्ननलिका किंवा आतडे कुठेच दिसत नाही.

आयोडीन जीव मारते, त्यामुळे हालचाल फक्त ताज्या नमुन्याच्या सलाइनमध्येच पाहावी. फॉर्मलीनमधील भागाचा त्यासाठी उपयोग नाही. चार केंद्रकांची १२ ते १५ मायक्रॉनची सिस्ट सापडली तरी हिस्टॉलिटिका आणि तिच्यासारखाच दिसणारा निरुपद्रवी अमीबा एंटअमीबा डिस्पार यांत सूक्ष्मदर्शकाने भेद करता येत नाही, म्हणून असा नमुना प्रयोगशाळेकडेच जायला हवा. पुढील टप्प्यात फॉर्मलीनमधील याच भागावर सांद्रीकरण, म्हणजे विरळ सिस्ट व अंडी थोड्या जागेत गोळा करण्याची कृती, करून पाहणार आहे.