शंभर बरोबर, मधलं बरोबर, शेवट अर्धा मिलिमीटर बाहेर

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत आमचं पत्रा कापायचं छोटं वर्कशॉप आहे. जाळ्या, गेटवरची वेलबुट्टी, झोपाळ्याच्या पाठीची नक्षी, असली कामं. वेलीची एक लांब जाळी कापून झाली तेव्हा लेझरवर बसणाऱ्या मामांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथं नख अडतंय बघ." खरंच अडत होतं. दोन वळणांच्या सांध्यावर बारीकशी पायरी होती.

आधी संशय मशीनवर. बॅकलॅश असेल म्हणून उलट्या दिशेने कापून पाहिलं, तरी पायरी त्याच जागी. मग मामांनीच दाखवलं की तेच पान वेलीच्या सुरुवातीलाही आहे आणि तिथली कड लोण्यासारखी गुळगुळीत आहे. खराब पान होतं ते सुरुवातीपासून चार मीटर पुढचं. मशीनला पान पहिलं की चाळिसावं हे काय माहीत? म्हणजे घोळ फाइलीत होता.

डिझाइनचे वक्र मशीनच्या भाषेत नेणारा आमचा प्रोग्रॅम जुना, कुणीतरी करून दिलेला. तो प्रत्येक त्रिघाती तुकड्याचे चार सहगुणक लिहितो, आणि चल म्हणून `s` घेतो. `s` म्हणजे वेलीच्या टोकापासून त्या जागेपर्यंतचं साधारण अंतर, मिलिमीटरमध्ये. सहगुणक `float32` मध्ये, म्हणजे दशमान पद्धतीत जेमतेम सात अंक भरवशाचे. बिघडलेला तुकडा `s` = ४००० ते ४०४० असा होता. त्याचा `x` असा निघतो:

```
x = c0 + c1*s + c2*s^2 + c3*s^3
c0 = -2183500    c1 = 1590.9
c2 = -0.38625    c3 = 0.00003125
```

मी `s` = ४००० घालून पाहिलं, एकेक गुणाकार आणि बेरीज `float32` मध्येच करत, मशीनचा प्रोग्रॅम करतो तसं, म्हणजे आतल्या कंसापासून बाहेर: `((c3*s + c2)*s + c1)*s + c0`. उत्तर १००, अगदी बरोबर. मधोमध ४०२० ला ११३.७५, तेही बरोबर. इथंच मी फसलो. सहगुणक ठीक आहेत असं समजून दोन दिवस दुसरीकडेच शोधत बसलो. शेवटचं टोक तपासायचं मनातच आलं नाही. तिथं १२० यायला हवं होतं, आलं १२०.५. आणि पुढचा तुकडा १२० वरून निघत होता. तीच मामांची पायरी.

मग मधल्या बऱ्याच बिंदूंची यादी काढली आणि ती पाहून हसूच आलं. प्रत्येक `x` च्या शेवटी .०० किंवा .२५ किंवा .५० किंवा .७५. दुसरा अपूर्णांकच नाही! वक्र नव्हता तो, पाव मिलिमीटरचा जिना होता.

कारण एक टोक कागदावर मांडलं की दिसतं. `s` = ४००० ला चार पदं अशी येतात: −२१,८३,५००, मग ६३,६३,६००, मग −६१,८०,००० आणि २०,००,०००. लाखांची ही सगळी उलाढाल होऊन हातात उरतात फक्त १००. `float32` मध्ये एकवीस लाखांच्या आसपास शेजारच्या दोन संख्यांमध्ये ०.२५ चं अंतर असतं, साठ लाखांपाशी ०.५ चं. त्याच्या मधलं काही त्यात मावतच नाही. मोठ्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात, पण त्यांच्यासोबत आलेली चूक कुणी खात नाही, ती शंभराच्या पदरात पडते. सुरुवातीला आणि मध्ये चुका योगायोगाने एकमेकींना झाकत होत्या, टोकाला उघड्या पडल्या.

आता उपाय. हिशेब `s` च्या शून्यापासून न करता तुकड्याच्या स्वतःच्या सुरुवातीपासून करायचा. `t` = (`s` − ४०००) ÷ ४० धरलं की `t` ० ते १ फिरतो आणि तोच वक्र किती साधा होतो पाहा: `100 + 36t - 18t^2 + 2t^3`. यातले चार सहगुणक क्रमाने `a0` ते `a3` म्हटले तर बेझिएचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे वक्राला आकार देणारे चार बिंदू `b0` ते `b3`, काढायला चार ओळी पुरतात:

```
b0 = a0
b1 = a0 + a1/3
b2 = a0 + 2*a1/3 + a2/3
b3 = a0 + a1 + a2 + a3
```

आकडे घातले तर १००, ११२, ११८, १२०. उलट जायचं तर `a1 = 3(b1 - b0)`, `a2 = 3(b0 - 2b1 + b2)` आणि `a3 = b3 - 3b2 + 3b1 - b0`. हे उलटं रूपांतर करताना जपावं, कारण तिथं वजाबाक्या आहेत. कंट्रोल पॉइंट शून्यापासून लाखभर मिलिमीटर दूर असतील तर `a3` सारखा लहान आकडा त्या वजाबाकीत बिघडतो. म्हणून आधी सगळ्यांतून `b0` वजा करून घ्यावा.

सूत्र हाती आल्यावर मी घाई केली. जुन्या फाइलीतलेच सहगुणक उचलले, जास्त अंक सांभाळणाऱ्या `double` मध्ये तुकड्याच्या सुरुवातीला सरकवले, कंट्रोल पॉइंट काढले. वक्र सुंदर आला, जिना गायब. मामांना हाक मारून पत्रा कापला, तर नख तरीही अडलं! तुकडा १००.३६ पासून १२०.३७ पर्यंत गेला होता. जिना मोडला, पण सगळी वळणं एका बाजूला सरकली.

कारण चूक हिशेबाच्या आधीच झाली होती, सहगुणक साठवतानाच. १५९०.९ हा `float32` मध्ये १५९०.९०००२४ होतो. ऐकायला काहीच नाही, पण त्याला चार हजारांनी गुणलं की दहावा हिस्सा मिलिमीटर. `c2` ची चूक तर एकाच्या दहा कोटीव्या हिश्श्याएवढी, पण तिचा गुणाकार `s` च्या वर्गाशी, म्हणजे एक कोटी साठ लाखांशी होतो आणि ०.१७ मिलिमीटर तिथूनच येतात. `c3` चे आणखी ०.०९५. फाइलीत जे पोहोचलंच नाही ते `double` कुठून आणणार?

तेव्हा डिझाइनच्या मूळ फाइलीपासून प्रोग्रॅमचा तो भाग पुन्हा लिहिला. आता प्रत्येक तुकड्याचे चार कंट्रोल पॉइंटच साठवतो, मधले बिंदू द कास्तेल्जोच्या रीतीने काढतो. त्यात शेजारच्या दोन पॉइंटांमधला `t` च्या प्रमाणातला बिंदू घ्यायचा, मग त्या नव्या बिंदूंवर पुन्हा तेच, एकच बिंदू उरेपर्यंत, एवढंच. ० ते १ मध्ये दर वेळी सरासरीच होते, त्यामुळे उत्तर त्या चार पॉइंटांच्या बाहेर जात नाही आणि पॉइंटात अमुक चूक असेल तर वक्रातली चूक तिच्याहून मोठी होत नाही. टोकं तर थेट `b0` आणि `b3`. शेजारच्या तुकड्यांनी तोच पॉइंट वापरला की सांधा उघडायला जागाच नाही.

घातरूपाला उगाच शिव्या देऊ नयेत. `t` ० ते १ असेल तर आमचे १००, ३६, −१८, २ `float32` मध्येही पत्र्याच्या कामाला भरपूर झाले. फारुकी आणि राजन यांनी १९८७ साली दाखवलंय की त्या मर्यादेत बर्नस्टाइन रूप, म्हणजे कंट्रोल पॉइंटांचं रूप, सहगुणकांतल्या बारीक चुकांना घातरूपापेक्षा जास्त बधत नाही. पण त्रिघाती वक्राला त्यातला फरक थोडाच. आमचा घात केला तो ४००० मिलिमीटर दूर ठेवलेल्या शून्याने.

नवी जाळी कापली, मामांनी सांध्यावरून अंगठा दोनदा फिरवला आणि काही न बोलता पुढचा पत्रा चढवला. ज्या जुन्या कामांचे फक्त सहगुणकच उरलेत, डिझाइनची मूळ फाइल नाही, ती गिऱ्हाइकाने मागितली की पुन्हा काढावी लागतात. अशी अकरा निघाली आहेत.