रातकिडे थांबतात तेव्हा

9 मिनिटांची भयकथा, शूटिंग खानापूरजवळच्या एका कौलारू घरात, आणि संगीतासाठी एक रुपयाही उरलेला नाही. दिग्दर्शक मित्र म्हणाला, "नेटवरचं फुकटचं कायतरी लावूया की." मी नको म्हटलं. तसले सूर लोकांनी पन्नासदा ऐकलेले असतात. मला त्या घराचाच आवाज हवा होता.

सगळी मदार एका प्रसंगावर होती. म्हातारी कंदील घेऊन परसदाराशी जाते आणि कडीवर हात ठेवून थांबते. 40 सेकंद, संवाद नाही. आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं, कुणी जवळ आलं की रातकिडे गप्प होतात. त्यावरच आराखडा बेतला.

रात्री रेकॉर्डर तीन ठिकाणी ठेवला: शेताच्या बांधावर, परसात, आणि दाराशेजारच्या भिंतीत ओरडणाऱ्या एकट्या किड्यापासून हातभर अंतरावर. प्रसंगाच्या सुरुवातीला तिन्ही आवाज एकत्र. 10व्या सेकंदापासून बांधावरचे किडे इतके हळू उतरवले की कुणाच्या लक्षात येऊ नये. 25व्यापासून परसातले. उरला भिंतीतला, तो कडीला हात लागताच बंद. अर्ध्या ओरडण्यात तोडला तर टक् असं वाजतं, म्हणून त्याची एक किरकिर पूर्ण होऊ दिली आणि तिथं कापलं. बाहेर जे कोण आहे ते बांधावरून परसात, परसातून दाराशी आलंय, हे एकही सूर न वाजवता कळायला हवं होतं.

पहिल्यांदा घरीच दाखवलं. नेमक्या त्या जागी मित्राची मावशी म्हणाली, "आवाज गेला काय रे?"

चूक माझीच होती. किडे काढल्यावर खाली काहीच ठेवलं नव्हतं, आणि कोरी शांतता ऐकणाऱ्याला बिघाडच वाटते. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. घाईत तो घ्यायचा राहिला होता. दोन दिवसांनी त्याच वेळी परत गेले, सगळ्यांना बाहेर काढलं, फ्रिज बंद केला (गाडीची किल्ली त्यातच ठेवते, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरत नाही) आणि म्हातारी उभी होती तिथं माईक धरून 2 मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड केली. कौलांखालून फिरणारा वारा, बस्स. तो पट्टा प्रसंगभर अंथरला, वर म्हातारीचा श्वास. या खेपेला मावशी काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाशी धरून बसल्या.

मोबाईलवर मात्र तो वारा जवळजवळ ऐकूच येत नाही, छोट्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत. म्हणून मोबाईलसाठी वेगळी प्रत केली. तिच्यात श्वास थोडा मोठा आहे, आणि कडीवर घासणाऱ्या बांगडीची बारीक किणकिण जास्तीची टाकली आहे.