उशिराच्या मालाची कपात आणि पुरवठादाराला पाठवलेलं पत्र

वेर्ण्यातल्या आमच्या कारखान्यात खरेदी मी बघतो. गोदामासाठी लोखंडी रॅक बेळगावच्या एका पुरवठादाराकडून मागवले होते. एकूण किंमत १२ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ऑर्डरमध्ये अट अशी की माल उशिरा आला तर उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा आठवड्याच्या भागाला अर्धा टक्का भरपाई, जास्तीत जास्त ५ टक्के.

मुदत १२ जूनची. आठ लाखांचा माल वेळेत आला, उरलेला चार लाखांचा २७ जूनला. ट्रक गेटवर उभा असतानाच मी चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहिलं, ‘१५ दिवस उशिरा स्वीकारला, भरपाईचा हक्क राखून’, आणि ड्रायव्हरची सही घेतली. संध्याकाळी तेच पुरवठादाराला ईमेलने कळवलं. १८७२च्या करार कायद्याचं कलम ५५ इथे आड येतं: उशिराचा माल घेताना भरपाई मागणार असल्याचं सांगितलं नाही, तर एरवी ती नंतर मागता येत नाही.

अकाउंट्सने हिशोब काढला तो पूर्ण बिलावर, जीएसटी धरून: १४,१६,००० वर तीन आठवड्यांचा दीड टक्का, म्हणजे २१,२४०. हे पाठवलं असतं तर भांडण ठरलेलं. वेळेत आलेल्या मालावर कपात कशाची? जीएसटी तर सरकारचा. चार लाखांवर दीड टक्का म्हणजे ६,००० होतात.

त्यातही चोर्ला घाटात दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद होता. त्यांनी त्याच दिवशी फोटो पाठवला होता आणि हाताबाहेरच्या कारणांची सूट ऑर्डरमध्येच होती. उरले १३ दिवस, म्हणजे दोन आठवडे. एक टक्का, ४,००० रुपये.

पत्राआधी फोन केला. कपात थेट बँकेच्या मेसेजमधून कळली की माणूस दुखावतो, हा माझा अनुभव. मग लिहिलं:

‘नमस्कार साहेब. रॅक उत्तम आहेत, काम सुरू झालं. ऑर्डरमधल्या अटीप्रमाणे ४,००,००० रुपयांच्या मालावर दोन आठवड्यांचे ४,००० रुपये वजा करत आहोत. घाट बंद असलेले दोन दिवस धरलेले नाहीत. चलनाची प्रत सोबत आहे. हिशोबात काही राहिलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावं, त्यानंतर बाकी रक्कम पाठवतो.’

त्यांचा प्रश्न एकच होता: बिल बदलून द्यायचं का? गरज नव्हती. करारभंगाच्या अशा भरपाईवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. बिल आणि त्यावरचा कर तसाच राहिला, कपात आमच्या वहीत वेगळी नोंदवली. ते सूक्ष्म उद्योगात नोंदलेले, त्यामुळे त्यांचे पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मर्यादा होती. वादासाठी अख्खं बिल अडवून ठेवणं मला मुळातच पटत नाही. सोमवारी १४,१२,००० रुपये पाठवले.