यातली कुठली आपोआप जाणार?

ऑनलाइन विक्रीच्या पेमेंट विभागात ‘दोनदा पैसे कापले’ अशी तक्रार आली की आमचे हात सवयीने चालतात. ऑर्डर उघडायची, पेमेंट एकच आहे ना ते बघायचं आणि तयार उत्तर चिकटवायचं: दुसरी रक्कम बँकेने फक्त राखून ठेवली आहे, काही दिवसांत मोकळी होईल. बहुतेक वेळा ते खरंही असतं. त्या बाईंनाही मी तेच पाठवलं.

खरं असतं, कारण कार्डाचं पेमेंट दोन टप्प्यांत होतं. आधी ग्राहकाच्या बँकेला विचारणा जाते. बँक हो म्हणते, सहा अक्षरांचा संमतीचा कोड देते आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवते. हा होल्ड. पैसे अजून निघालेले नसतात, पण खर्चता येणारी शिल्लक तेवढ्याने कमी दिसते. पुढे दुकानाने त्या संमतीवर ‘कॅप्चर’ पाठवलं की पैसे खरंच वळते होतात. नाही पाठवलं, तर होल्ड मुदत संपल्यावर गळून पडतो. बँकेनुसार काही दिवस, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. नेट अडकलं म्हणून कुणी पुन्हा बटण दाबलं, की होल्ड दोन बसतात आणि कॅप्चर सहसा एकाचंच होतं.

इथे घाईने रिफंड देणारे सहकारी मी पाहिलेत. होल्डवर रिफंड देता येत नाही, घेतलेलंच नाही तर परत काय करणार? मग ते दिसेल त्या, म्हणजे कॅप्चर झालेल्या पेमेंटवर रिफंड टाकून मोकळे होतात. पुढे होल्डही सुटतो आणि सामान फुकटात जातं. म्हणून आम्हाला ‘थांबायला सांगा’ हे घोटून शिकवलेलं.

चौथ्या दिवशी बाईंचं पुन्हा पत्र आलं. सोबत दोन स्क्रीनशॉट. पहिल्या दिवशीच्या चित्रात दोन्ही ओळी फिकट, ‘पेंडिंग’ शिक्क्याच्या. नव्या चित्रात त्याच दोन ओळी पूर्ण झालेल्या व्यवहारांच्या यादीत, प्रत्येकीसमोर पोस्टिंगची तारीख. खाली एकच वाक्य: “यातली कुठली आपोआप जाणार?”

कुठलीच नाही. पोस्टिंगची तारीख लागली म्हणजे कुणीतरी पैसे मागितलेत आणि ते दिले गेलेत. एका ऑर्डरचे दोन खरे व्यवहार रास्तही असू शकतात, सामान दोन खेपांत पाठवलं तर; पण मग दोन्हींची बेरीज बिलाइतकी येते. इथे दोन्ही ओळी पूर्ण बिलाच्या होत्या.

आमच्या ऑर्डरवर मात्र अजूनही पेमेंट एकच दिसत होतं. दुकानाला मिळालेल्या पैशांच्या हिशोबात, म्हणजे सेटलमेंटच्या अहवालात, ऑर्डर क्रमांकाने शोधलं, एक ओळ. मग कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम टाकून शोधलं, तर दोन. वेळेत मिनिटभराचं अंतर, संमतीचे कोड वेगळे आणि दोघींना स्वतंत्र एआरएन. हा 23 आकडी क्रमांक नुसत्या होल्डला कधी मिळत नाही. वसुली बँकांच्या हिशोबात गेली तरच मिळतो. दोन एआरएन दिसल्यावर वाद संपला.

झालं होतं असं. पहिल्या प्रयत्नाला, आमची विचारणा बँकेपर्यंत नेणाऱ्या गेटवेकडून वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून आमच्या प्रणालीने तो ‘अयशस्वी’ ठरवला आणि बाईंना पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. गेटवेकडे तो यशस्वी होता. कॅप्चर आपोआप होण्याची सोय आम्हीच चालू ठेवलेली, त्यामुळे ज्याला आम्ही मेलेला समजत होतो त्याने गुपचूप पैसे आणले. दुसऱ्या प्रयत्नाची नोंद ऑर्डरवर पहिलीच्या जागी बसली. दोन्ही वेळा एकच ओळख-किल्ली पाठवली असती, तर गेटवेने ‘हे तर झालंय’ म्हणत पहिलंच उत्तर परत दिलं असतं. आमचा कोड दर वेळी नवी किल्ली बनवत होता. बनवणाऱ्यांचं म्हणणं, गेटवे संथ आहे. असेल!

मला खुपतं ते वेगळंच. तक्रार आली तेव्हा त्या दिवसाचं सेटलमेंट व्हायचं होतं. तेव्हाच गेटवेच्या पडद्यावर नजर टाकली असती, तर पहिलं पेमेंट ‘व्हॉइड’ करता आलं असतं. वसुली झालीच नसती, होल्ड सुटला असता. आता रिफंडच द्यावा लागला आणि त्याला पुन्हा काही दिवस.

फोनवर बाईंनी शांतपणे विचारलं, “मग पहिल्या दिवशी तुम्ही काय बघितलंत?”

“ऑर्डर,” मी म्हटलं.

त्यांनी रिफंडचा एआरएन मागितला, बँकेत दाखवायला. एकेक आकडा लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला. सतरावा आकडा मीच चुकीचा सांगितला होता.