बावीस अक्षरांत आजी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

आजीवर लिहिलेली कविता मिळाली. चाळीस ओळी आहेत. ‘हृदय आक्रंदते’ दोनदा, ‘अश्रूंच्या धारा’ तीनदा. रागावू नकोस, पण हे सगळं कुणाच्याही आजीला लागू पडेल. अठ्ठाविसाव्या ओळीत मात्र मी थांबलो: ‘तुझा चष्मा अजून खिडकीत आहे, आबा तो रोज पुसून ठेवतात.’

कविता इतकी आखडून का लिहायची, असं तू विचारलंस. तुकोबांचा तुला पाठ असलेला अभंग घे.

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी
कर कटावरी ठेवोनिया

बोटांवर मोज. जोडाक्षर एकच धरायचं. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार, एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. (पुढच्या ‘तुळसीहार गळां’मध्ये सात भरतात, पण गाताना ते सहज सामावतं. हिशेब तपासनिसासारखा करू नये.) आता या बावीस अक्षरांत काय नाही ते बघ. भक्ती नाही, आनंद नाही, डोळ्यांतलं पाणी नाही. वीट आहे, कंबर आहे, हात आहेत. वाक्यही ‘ठेवोनिया’वरच सोडून दिलंय, त्यामुळे विठोबा अजून तसाच उभा आहे. ‘आवडे’ हा साधा शब्द येतो तो पुढच्या कडव्यात. तोवर तुकोबांनी आपल्याला मूर्तीपुढे नेऊन उभं केलेलं असतं, म्हणून तेवढा एक शब्द पुरतो. तू ‘आक्रंदते’ आधी सांगितलंस आणि चष्मा मागाहून दाखवलास. तोवर मी रडायचं की नाही हे तूच ठरवून टाकलं होतंस.

काल रात्री तुझ्या त्या ओळीशी जरा खेळलो:

खिडकीत चष्मा उन्हात पडून
ठेवती पुसून रोज आबा

आबांना दुःख झालंय असं यात कुठेच म्हटलेलं नाही. आता ‘रोज’ काढून बघ. आबांनी एकदा काच पुसली, एवढीच बातमी उरते. सगळा भार त्या दोन अक्षरांवर आहे. उलट ‘उन्हात पडून’ हे मी बरंचसं यमकासाठी घातलंय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. माप भरायला बसलं की असा भरणा होतो. त्यापेक्षा तुझी साधी ओळ बरी. आणि नुसतं कमी लिहिलं म्हणजे कविता होत नाही, नाहीतर जुन्या तारासुद्धा कविता ठरल्या असत्या.

एक राहिलं. त्या चष्म्याची डावी काडी आईने काळ्या दोऱ्याने गुंडाळली होती. नवी फ्रेम आणतो म्हणालो, तर नको म्हणाली. तुझ्या चाळीस ओळींत तो दोरा नाही. पुढच्या सुट्टीत गेलास की बघ, आबांनी तो तसाच ठेवलाय का.

तुझा,
मामा